फ्रेंच प्रश्नावली तपासताना: उलट अनुवाद करावा की आढावा-बैठक घ्यावी?

इंग्रजीतली प्रश्नावली फ्रेंच बोलणाऱ्यांना द्यायची आहे, अनुवाद हातात आला आहे आणि तो भरवशाचा आहे का हे तपासायचं आहे. अशा वेळी कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं: उलट अनुवाद करून घ्या. मूळ इंग्रजी न पाहिलेला दुसरा अनुवादक फ्रेंचवरून पुन्हा इंग्रजी करतो आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून जुळवले जातात. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखानंतर ही पद्धत संशोधनात रुळली. आजही बरेच मार्गदर्शक उलट अनुवाद केला आहे का, हे आधी विचारतात.

दुसरा रस्ता आढावा-बैठकीचा. दोन अनुवादक एकमेकांचं न बघता फ्रेंच मसुदा करतात. मग ते दोघं, विषयाचा जाणकार आणि सर्वेक्षणाचा जाणकार एकत्र बसून एकेक प्रश्न पक्का करतात. युरोपियन सोशल सर्व्हे याच वाटेने जातो. जॅनेट हार्कनेस यांनी घडवलेल्या त्या चौकटीत अनुवाद, आढावा, निर्णय, पूर्वचाचणी आणि नोंद असे टप्पे आहेत, उलट अनुवाद नाही.

दोन्ही करायला वेळ आणि पैसा असेल तर प्रश्नच नाही. एकच परवडणार असेल तर मी बैठक निवडेन. का, ते फ्रेंचमधल्याच उदाहरणांवरून सांगतो.

आरोग्यविषयक जीवनमान मोजणाऱ्या एसएफ-३६ या प्रश्नावलीत एक प्रश्न मन खचल्याबद्दल आहे. इंग्रजीत तिथे ‘डाउनहार्टेड अँड ब्लू’ असे शब्द आहेत. फ्रेंच आवृत्तीत त्या जागी ‘त्रिस्त ए आबात्यु’ आहे, म्हणजे उदास आणि खचलेला. फ्रेंच माणूस हे वाचून क्षणभरही अडखळत नाही. आता याचा उलट अनुवाद करा. ‘सॅड अँड डिजेक्टेड’ असं काहीतरी येईल. मूळ शब्दांशी एकही शब्द जुळला नाही, म्हणून तुलना करणारा तिथे लाल खूण करेल. याउलट एखाद्या अनुवादकाने ‘ब्लू’साठी सरळ निळ्या रंगाचा फ्रेंच शब्द घातला असता, तर उलट अनुवादात ‘ब्लू’ जसाच्या तसा परतला असता. फ्रेंच वाचकाला मात्र त्या वाक्यातून काहीच धड कळलं नसतं.

उलट अनुवादाची खरी मर्यादा ही आहे. तो शब्दांचं साम्य मोजतो आणि शब्दाला शब्द ठेवणाऱ्या अनुवादाला त्यात आपोआप जास्त गुण मिळतात. आपला मजकूर उलट तपासला जाणार हे अनुवादकाला माहीत असेल, तर तो नकळत ताठर, इंग्रजी वळणाची फ्रेंच लिहू लागतो. अहवालात सगळं जुळलेलं दिसतं आणि उत्तरदाता प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत बसतो. वरून उलट अनुवादक जितका कसलेला, तितका तो वाकडं वाक्य सरळ करून देतो. फ्रेंचमधला खडबडीतपणा इंग्रजीत पोहोचतच नाही.

आता उलटी बाजू: खोटी धोक्याची घंटा. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ या मुदतीसाठी फ्रेंच माणूस सहज ‘केंझ झूर’ म्हणतो, शब्दशः पंधरा दिवस. आपणही मराठीत पंधरवड्याला पंधरा दिवसच म्हणतो, त्यामुळे यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. पण उलट अनुवादात ‘फिफ्टीन डेज’ आलं की फ्रेंच न येणारा संशोधक एक दिवस वाढल्याची तक्रार करतो. आठवड्यासाठी ‘आठ दिवस’ म्हणण्याचंही तसंच. अशा पाच-सात तक्रारी निवारण्यात निम्मा वेळ जातो आणि खऱ्या चुकांकडे बघायला उसंत उरत नाही.

खऱ्या चुकांचं काय होतं ते एका छोट्या प्रश्नावलीवर पाहू. समजा, अमेरिकी इंग्रजीत दोन प्रश्न आहेत: तुम्ही कॉलेजात शिकलात का, आणि आठवड्यातून किती वेळा कुटुंबासोबत ‘डिनर’ घेता. अनुवादकाने पहिल्यात ‘कोलेज’ आणि दुसऱ्यात ‘दीने’ घातलं.

फ्रान्समध्ये ‘कोलेज’ म्हणजे साधारण अकरा ते पंधरा वयाच्या मुलांची शाळा. त्यानंतर ‘लिसे’, मग बाकालोरेआ परीक्षा आणि त्यानंतर विद्यापीठ. म्हणजे फ्रान्समधला जवळपास प्रत्येक जण या प्रश्नाला ‘हो’ म्हणेल आणि शिक्षणाची आकडेवारी पार फुगेल. उलट अनुवादक जागा असेल तर ‘मिडल स्कूल’ लिहील आणि चूक पकडली जाईल. तो घाईत असेल तर ‘कॉलेज’ लिहील, दोन्ही इंग्रजी मजकूर तंतोतंत जुळतील आणि चूक छापली जाईल. एकाच चुकीचे दोन निकाल, आणि कुठला लागेल ते एका माणसाच्या सावधपणावर अवलंबून. बैठकीत हा प्रश्न दोन मसुद्यांसह येतो. दुसऱ्या अनुवादकाने बहुधा ‘उच्च शिक्षण’ असा अर्थ धरलेला असतो, त्यामुळे फरक समोरच दिसतो आणि त्यावर बोलणं भाग पडतं.

‘दीने’ची गोष्ट आणखी अवघड आहे. पॅरिसमध्ये ते रात्रीचं जेवण. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये, आणि बेल्जियम-स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागातही, ‘दीने’ म्हणजे दुपारचं जेवण आणि रात्रीचं ते ‘सुपे’. पॅरिसच्या वळणाची फ्रेंच जाणणाऱ्या कुणाकडूनही उलट अनुवाद करून घ्या, ‘डिनर’च परत येणार, कारण शब्द चुकलेलाच नाही, तो वाचणारा बदलला आहे. ही चूक एकतर त्या भागातला माणूस बैठकीत असेल तर सापडते किंवा उत्तरदात्याशी बोलल्यावर. उपाय सोपा आहे: ‘ल रपा द्यु स्वार’, म्हणजे संध्याकाळचं जेवण, असं सरळ लिहायचं. एकाहून अधिक फ्रेंचभाषक देशांत प्रश्नावली जाणार असेल तर अशा शब्दांची यादी अनुवादाच्या आधीच करून ठेवावी.

हे फक्त माझं मत असतं तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. यावर थेट प्रयोग झाला आहे आणि तोही फ्रेंचवर. ऑस्ट्रेलियात तयार झालेली हाय-क्यू ही प्रश्नावली, दीर्घ आजार असलेल्या लोकांना आरोग्यशिक्षणाचा किती उपयोग झाला ते मोजणारी, फ्रेंचमध्ये आणताना संशोधकांनी उलट अनुवाद आणि तज्ज्ञ समिती या दोन टप्प्यांचं योगदान वेगवेगळं तपासलं. २०१५ मध्ये आलेल्या त्या लेखाच्या शीर्षकातच निष्कर्ष आहे: भर पडली ती तज्ज्ञ समितीमुळे, उलट अनुवादामुळे नाही. लेखकांमध्ये डॉर्कास बीटन आणि फ्रान्सिस गियमँ आहेत. आरोग्यक्षेत्रात सगळीकडे वापरली जाणारी २००० सालची मार्गदर्शक पद्धत लिहिणाऱ्यांमध्ये हेच दोघं होते आणि त्या पद्धतीत दोन उलट अनुवाद सांगितलेले आहेत. आपणच सांगितलेली पायरी त्यांनी तपासून पाहिली, याला माझ्या लेखी मोठं वजन आहे. अर्थात हा एका प्रश्नावलीवरचा, इंग्रजी-फ्रेंच या जवळच्या जोडीतला प्रयोग आहे. दूरच्या भाषांना तो जसाच्या तसा लावू नये.

मग उलट अनुवाद कधी करावाच? पहिली वेळ म्हणजे प्रश्नावलीचा हक्कधारक, नैतिकता समिती किंवा नियतकालिक तो मागतं तेव्हा. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरी वेळ, निर्णय घेणाऱ्याला फ्रेंच येत नाही तेव्हा. पुण्यातला प्रमुख संशोधक पश्चिम आफ्रिकेतल्या सहकाऱ्यांसोबत काम करत असेल आणि मजकुरावर सही त्यालाच करायची असेल, तर फ्रेंचमध्ये डोकावायची त्याच्यापाशी एवढीच खिडकी आहे. आणि काही चुका उलट अनुवाद खरोखर चांगल्या पकडतो: गळलेला नकार, सुटलेला पर्याय, उलटी झालेली श्रेणी, ‘महिन्यात’च्या जागी ‘वर्षात’, अर्धवट राहिलेलं वाक्य. डोळा चुकवून जाणाऱ्या या गोष्टी आहेत आणि बैठकीत चार जण शब्दांच्या छटांवर रंगले असताना त्या निसटू शकतात.

करायचाच तर नीट करावा. मूळ इंग्रजी उलट अनुवादकाला दाखवू नये, विषयही फार समजावून सांगू नये. तो इंग्रजी मातृभाषेचा असावा. फ्रेंच वाक्य अवघड असेल तर इंग्रजीतही अवघडच ठेव, सुधारू नकोस, हे त्याला लेखी सांगावं. मग प्रत्येक फरकापुढे एकच प्रश्न विचारावा: ही चूक फ्रेंच करताना झाली, उलट इंग्रजी करताना झाली, की ही चूकच नाही? ‘त्रिस्त ए आबात्यु’ आणि ‘केंझ झूर’ तिसऱ्या गटात जातील, ‘कोलेज’ पहिल्या. हे वर्गीकरण फ्रेंच येणाऱ्यानेच करायचं असतं. जिथे प्रत्येक फरकासाठी फ्रेंच मजकूर बदलला गेला आहे, तिथे कुणीतरी फक्त दोन इंग्रजी मजकूर जुळवत बसलं होतं असं समजावं.

बैठकही आपोआप चांगली होत नाही. तिथे मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो, किंवा सगळे पॅरिसचेच असतात आणि माँट्रियलचा विचार कुणाच्या मनात येत नाही. मी तक्त्यात मूळ प्रश्न, दोन्ही मसुदे, शेरा, अंतिम मजकूर आणि कारण असे रकाने ठेवायला सांगतो. प्रश्न मोठ्याने वाचायचे आणि एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा, हे आधीच ठरवायचं. कारणाचा रकाना रिकामा असेल तर ती बैठक झाली नाही असंच धरावं. नियतकालिकाने पुढे शंका काढली, तर त्याच्यासमोर ठेवायला हाच कागद असतो.

यांपैकी काहीही निवडा, उत्तरदात्यांशी बोलणं टळत नाही. ज्यांना प्रश्नावली द्यायची त्यांच्यातल्याच काहींना ती भरायला द्यावी आणि मग विचारावं: हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा, उत्तर देताना नेमकं काय आठवलं? बीटन आणि सहकाऱ्यांच्या पद्धतीत या पूर्वचाचणीसाठी तीस ते चाळीस माणसं सांगितली आहेत. तेवढी नाही जमली तरी थोड्या, पण वेगवेगळ्या शिक्षणाच्या आणि वयाच्या लोकांशी बोलून पहिल्याच दिवशी खूप कळतं. क्वेबेकची बाई ‘दीने’ला दुपारी मुलाला शाळेतून आणल्याचं सांगू लागली की पुढे काही तपासायचं राहत नाही, शब्द बदलायचा.

पैशांची वाटणी करताना मी आधी दुसऱ्या स्वतंत्र अनुवादकाचं मानधन बाजूला काढेन, मग उत्तरदात्यांच्या मुलाखतींचं, आणि त्यानंतर उरलं तर एक उलट अनुवाद. तोही बैठकीनंतर, मजकूर पक्का झाल्यावर करावा, म्हणजे गळलेला नकार किंवा उलटी श्रेणी छपाईआधी हाती लागेल. संशोधन-निबंधात मात्र ‘उलट अनुवाद केला’ एवढ्यावर थांबू नये. किती फरक निघाले, त्यातले किती खरे ठरले आणि कुठले प्रश्न त्यामुळे बदलले, हेही लिहावं.