सदस्यत्व अर्जाचा भरता येणारा पीडीएफ : लिब्रेऑफिस की ॲक्रोबॅट प्रो?

अर्जाची मूळ फाइल हाताशी असेल, तर लिब्रेऑफिस रायटर पुरेसे आहे आणि ते विनामूल्यही आहे. त्यात प्रत्येक मजकूर-चौकट आणि चेकबॉक्स हाताने काढून त्याला नाव द्यावे लागते, परंतु पुढे वार्षिक वर्गणी बदलली, तर मूळ फाइलमध्ये आकडा दुरुस्त करून `Create PDF form` हा पर्याय निवडून पुन्हा निर्यात केली, की काम संपते.

ॲक्रोबॅट प्रो सशुल्क आहे. मात्र केवळ स्कॅन केलेला कागद उपलब्ध असेल, तर त्यातील रेषा व चौकोन ओळखून ते बहुतेक रकाने स्वतःच तयार करते. या रकान्यांची नावे तपासलीच पाहिजेत, कारण अर्जदाराच्या दूरध्वनीचा रकाना कॉपी करून आपत्कालीन संपर्कासाठी वापरला आणि नाव तेच ठेवले, तर एकात टंकलेला क्रमांक दुसऱ्यातही उमटतो.

खरा फरक टॅबच्या क्रमात जाणवतो. डावीकडे अर्जदार व उजवीकडे आपत्कालीन संपर्क अशा दोन स्तंभांच्या अर्जात ओळींनुसार क्रम लावला, तर अर्जदाराच्या नावावरून टॅब थेट दुसऱ्याच्या नावावर उडी मारतो. ॲक्रोबॅटमध्ये `Order Tabs by Column` निवडून हे सुधारते. लिब्रेऑफिसमध्ये `Activation Order` या यादीत रकाने वर-खाली सरकवावे लागतात, जे लांबलचक अर्जात कंटाळवाणे ठरते. दोन्हीकडे माउसला हात न लावता, केवळ टॅबने संपूर्ण अर्ज एकदा भरून पाहावा.