माऊस आणि ट्रॅकपॅडवरची तेलकट चकाकी: ७० टक्के आयपीए वापरून पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मी लालबागला घरूनच डीटीपीचं काम करते, त्यामुळे उजवा हात दिवसभर माऊसवर असतो. लॅपटॉप घरात सगळेच वापरतात. केसांना लावलेलं खोबरेल, चकलीचा डबा, मे महिन्यातला घाम, असं सगळं थोडं थोडं करून त्या दोन जागांवर येऊन बसतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवरून ७० टक्के आयसोप्रोपाईल अल्कोहोलची बाटली आणली. दुकानदार त्याला नुसतं आयपीए म्हणतात. सोबत दोन मायक्रोफायबरची फडकी आणि कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर घेतला. केमिस्टकडून दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रशही आणला. पावसाळा धरून आता दिवाळीपर्यंत हेच वापरते आहे.

दुकानात ते म्हणाले होते, "ताई, नव्व्याण्णव टक्केवालं न्या, तेच प्युअर." सर्किट बोर्ड साफ करायला ते बरोबर आहे, कारण त्यात पाणी जवळजवळ नसतं आणि ते लगेच उडून जातं. माऊसच्या पाठीवर मात्र नेमकं तेच आड येतं. हाताचा मळ म्हणजे नुसतं तेल नसतं. त्यात घामाचं मीठ असतं, मेलेली त्वचा असते, धूळ असते. मीठ पाण्यात विरघळतं, तेल अल्कोहोलमध्ये सुटतं. ७० टक्केवाल्यात दोन्ही आहे, आणि ते पृष्ठभागावर थोडा जास्त वेळ ओलं राहतं, म्हणून मळ फुगून सुटायला अवधी मिळतो. मी दोन्ही लावून पाहिली. ९९ टक्केवालं फडक्यावरच वाळायचं आणि मळ पुसला जाण्याऐवजी पसरायचा.

घरात सॅनिटायझर असतोच, तर वेगळी बाटली कशाला, असं वाटू शकतं. हात कोरडे पडू नयेत म्हणून सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन घालतात. अल्कोहोल उडून गेलं की ते मागे उरतं, त्याचा पातळ चिकट थर बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ जास्त धरते. नेलपेंट रिमूव्हरला तर हातही लावू नका. त्यात ॲसिटोन असेल तर माऊसचं प्लास्टिक अक्षरशः विरघळतं आणि ती जागा कायमची खरबरीत, पांढुरकी होते.

आता मुख्य मुद्दा. चकाकी दोन प्रकारची असते आणि घासायला बसण्याआधी आपल्यासमोर कुठली आहे ते ओळखायला हवं. एक तेलाच्या थराची, जी निघते. दुसरी झिजेची, जी कशानेही निघत नाही. माऊसचं मॅट प्लास्टिक मॅट दिसतं ते त्यावर साच्यातूनच उठवलेल्या अगदी बारीक दाण्यांमुळे. त्या दाण्यांवरून उजेड सगळीकडे विखुरतो. बोट रोज त्याच जागी घासलं की दाणे सपाट होतात आणि तिथून उजेड सरळ परावर्तित होतो. तो भाग स्वच्छच असतो, फक्त गुळगुळीत झालेला असतो.

ओळखायची पद्धत सोपी आहे. खोलीतला दिवा बंद करा, मोबाईलचा टॉर्च माऊसच्या अगदी बाजूने, जवळजवळ आडवा धरा. तेल असेल तर पुसट कडांचे, बोटांच्या ठशांचे डाग दिसतात आणि कोरड्या बोटाने चोळलं की त्यांचा आकार बदलतो. झीज असेल तर चकाकणारा भाग बोट टेकतं तिथेच असतो आणि कितीही चोळा, जागचा हलत नाही. शंका राहिली तर आयपीएचं फडकं एकदा फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा टॉर्च धरा. जे उरलं ती झीज.

माझा माऊस फिकट राखाडी रंगाचा आहे. डावं बटण चकाकत होतं, अंगठा टेकतो त्या बाजूला तपकिरी पट्टा आला होता आणि बटण व बॉडी यांच्या फटीत काळी रेघ भरली होती. आधी वायर काढली. ज्यांचा वायरलेस असेल त्यांनी सेल काढावा. पहिलं काम कोरडंच करायचं, कारण फटीतला मळ ओला झाला की चिखल होऊन आत सरकतो. लाकडी टूथपिक फटीत उभी खुपसायची नाही. ती आडवी, जवळजवळ झोपवून धरायची आणि फटीच्या लांबीने ओढत आणायची. मग मळ मेणासारख्या वळ्यांनी बाहेर येतो. पिन किंवा ब्लेड वापरलं तर फटीच्या कडेवर ओरखडा उठतो आणि पुढचा मळ आधी त्याच ओरखड्यात बसतो. चाकाच्या रबरी खाचांसाठी दातांच्या फटीचा तो बारीक ब्रश कोरडाच धरायचा आणि चाक हळूहळू फिरवायचं. खाली चार कोपऱ्यांत गुळगुळीत पट्ट्या असतात, त्यांच्या कडेनेही असाच मळ साठतो आणि माऊस मॅटवर अडखळायला लागतो. पट्ट्या मात्र उचकटू नका. एकदा सुटल्या की पूर्वीसारख्या चिकटत नाहीत. सेन्सरच्या भोकात फक्त ब्लोअरने हवा मारायची, तिथे ओलं काही नको.

त्यानंतर फडकं. आयपीए माऊसवर कधीही थेट ओतायचं किंवा फवारायचं नाही, फडक्याच्या कोपऱ्यावर घ्यायचं. फडकं पिळलं तर थेंब पडता कामा नये, इतपतच ओलं. आधी माऊसच्या पोटाकडे न दिसणाऱ्या जागी घासून बघा. तिथे रंग उतरला किंवा पृष्ठभाग चिकट झाला तर थांबा. छापलेला लोगो जोरात घासला तर जाऊ शकतो, त्याच्या आजूबाजूनेच फिरा. अंगठ्याच्या जाड पट्ट्यावर ओला कोपरा साधारण अर्धा मिनिट नुसता दाबून ठेवला आणि मग पुसला. फडक्यावर चहाच्या रंगाचा डाग आला. फडक्याची घडी बदलत राहायची, नाहीतर तोच मळ परत लावला जातो. स्वच्छ घडीवर काहीच येईनासं झालं की काम झालं. अंगठ्याचा पट्टा पूर्ण गेला. डाव्या बटणावरची चकाकी निम्मी गेली. उरलेली झीज होती, ती आजही तशीच आहे.

याच टप्प्यावर टूथपेस्ट, खाण्याचा सोडा किंवा तो पांढरा जादूचा स्पंज काढायचा मोह होतो. तिन्ही गोष्टी घासून काम करतात. स्पंजचा मेलामाईन फोम तर फार बारीक पॉलिश पेपरच असतो. म्हणजे ज्या दाण्यांमुळे मॅटपणा उरला आहे तेच त्याने सपाट होतात आणि चकाकणारा भाग वाढतो.

ट्रॅकपॅडला हीच रीत, पण काळजी जास्त. लॅपटॉप पूर्ण शट डाऊन करायचा, चार्जर काढायचा. काही नवे लॅपटॉप झाकण उघडलं किंवा एखादी की दाबली गेली तरी चालू होतात, तेवढं बघत राहायचं. काचेचा ट्रॅकपॅड असेल तर आयपीएने सगळंच निघतं, कारण काच बोटाने सहसा झिजत नाही. आमचा प्लास्टिकचा आहे. त्याचा उजवा भाग नव्यासारखा झाला, मध्यभागी बोट सगळ्यात जास्त फिरतं तिथे गुळगुळीत चकती राहिली. पण कर्सर उडायचा बंद झाला. हा ट्रॅकपॅड बोटामुळे होणारा विद्युतभारातला बदल ओळखतो, आणि खारट घामाचा ओलसर थर असला की त्याला बोट नेमकं कुठे आहे ते नीट कळत नाही. जुलैत दुपारी पंख्याखाली काम करताना हा त्रास सर्वात जास्त व्हायचा.

ट्रॅकपॅडच्या खालच्या कडेच्या फटीत टूथपिक घालू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ट्रॅकपॅड वरच्या बाजूला अडकवलेला असतो आणि क्लिक खालच्या बाजूला होतो, त्यामुळे तिथे ढकललेला कण बरोबर क्लिकखाली जाऊन बसतो. लॅपटॉप उलटा, तिरका धरून मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडायचं. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते: क्लिक घट्ट झालाय, ट्रॅकपॅड एका बाजूने उचलल्यासारखा वाटतोय, झाकण नीट बसत नाहीये, असं असेल तर तो मळ नाही. खालची बॅटरी फुगलेली असू शकते. साफसफाई सोडा, दाबून बघू नका, चार्जिंगला लावू नका आणि लॅपटॉप सरळ दुरुस्तीला न्या.

आयपीएचं काम गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब करायचं. त्याची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते, आणि मुंबईत खोली थंड अशी नसतेच. खिडकी उघडी ठेवते, बाटलीचं झाकण लगेच लावते. पूर्ण वाळल्याशिवाय लॅपटॉप चालू करत नाही. उन्हाळ्यात काही मिनिटांत वाळतं, पावसाळ्यात जास्त थांबावं लागतं.

माझ्या जाऊबाईंचा माऊस ही वेगळीच गोष्ट निघाली. रबरासारखा मऊ लेप असलेला काळा माऊस, वर्षभर कपाटात पडून होता. त्या म्हणाल्या, "अगं, किती घाण बसलीय बघ, तुझं ते औषध लाव याला." हात लावला तर बोट चिकटत होतं, पण पांढऱ्या कापडावर मळ न येता काळा लेपच येत होता. असे लेप दमट हवेत हळूहळू विघटित होऊन चिकट होतात. ही घाण नव्हे, लेपच खराब झालेला असतो. टाल्कम पावडर लावली तर चारेक दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. त्यावर एकच मार्ग उरतो, आयपीएने चोळून चोळून सगळा लेप काढून टाकणं. आम्ही तो काढला. बराच वेळ गेला, बटणांवरच्या खुणाही गेल्या, पण खालचं कडक प्लास्टिक बाहेर आलं आणि माऊस आता रोजच्या वापरात आहे. ज्या माऊसला बाजूने घट्ट रबरी ग्रिप बसवलेली असते आणि ती चांगल्या स्थितीत आहे, तिला मात्र मी आयपीए लावत नाही. कपभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, नंतर नुसत्या पाण्याचं फडकं, आणि लगेच कोरडं पुसून घ्यायचं.

आता आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी काम संपल्यावर, दोन्हीवर फडकं फिरवते. पावसाळ्यात ते आठवड्यात दोनदा करावं लागलं. टूथपिकचं काम महिन्या-दोन महिन्यांनी पुरतं. ट्रॅकपॅडच्या मधल्या गुळगुळीत चकतीवर मॅट फिल्म लावून पाहिली होती. बोट छान सरकायचं, पण ऑगस्टमध्ये तिच्या कडा सुटल्या आणि त्या कडेखाली नवीन मळ धरायला लागला, म्हणून काढून टाकली. फिल्मचा उरलेला गोंदही आयपीएनेच निघाला.