चार्जर लावला की एमसीबी पडतो: स्क्रू आवळायचा, वायर बदलायची की अँपिअर कमी करायचे?

इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावली आणि पाऊण तासाने एमसीबी पडला, तर इलाज तीन आहेत: टर्मिनल दुरुस्त करणे, चार्जरसाठी जाड वायरची वेगळी लाइन ओढणे, किंवा चार्जरचा करंट कमी करणे. कोणता निवडायचा, हे कोणता खटका पडला आणि किती वेळाने पडला यावर ठरतं. प्लग लावताच आरसीसीबी, म्हणजे वीजगळती पकडणारा खटका, पडत असेल तर ती गळती आहे. तो वेगळा विषय.

उदाहरण घेऊ. २३० व्होल्टवर ७.४ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो, तोही तासन्‌तास. गीझर पाणी तापलं की थांबतो, चार्जर थांबत नाही. त्याला ३२ अँपिअरचा एमसीबी आणि ४ चौरस मिमीची तांब्याची वायर दिलेली आहे. कागदावर गणित बरोबर जुळतं, आणि तिथेच फसगत होते. एमसीबीतली द्विधातू पट्टी उष्णतेने वाकते आणि तिचं रेटिंग ३० अंश तापमानाला धरलेलं असतं. डीबीत, म्हणजे खटक्यांच्या बंद पेटीत, शेजारी तापलेले खटके असताना, तोच ३२चा एमसीबी ३२ अँपिअरलाही पडू शकतो. भिंतीवरच्या पाइपमधून गेलेली ४ चौरस मिमीची वायरही ३० अंशांना जेमतेम ३२ अँपिअर वाहते. ४० अंशांना ती क्षमता २८च्या आसपास येते.

मग चार्जर २४ अँपिअरवर ठेवून पाहा. पडणं पूर्ण थांबलं, तर बहुधा दोष रेटिंगचा आहे. २४ वरही कधी वीस मिनिटांनी, कधी दोन तासांनी पडत असेल तर संशय टर्मिनलवर घ्या. सैल स्क्रूखाली समजा ०.०५ ओहम रोध तयार झाला, तर ३२ अँपिअरला तिथे सुमारे ५१ वॉट उष्णता निघते, म्हणजे डीबीत सोल्डरिंग गन चालू ठेवल्यासारखंच. ती उष्णता एमसीबीच्या पट्टीपर्यंत पोचली की खटका पडतो. पण सैल जोड चार्जरच्या टोकाला किंवा न्यूट्रल पट्टीवर असेल तर एमसीबीला काही कळतच नाही आणि प्लास्टिक वितळू लागतं. त्यामुळे एमसीबी पडतोय हे एका अर्थी नशीबच.

टर्मिनलचं काम सगळ्यात स्वस्त आणि तासाभराचं, पण ते इलेक्ट्रिशियननेच मेन बंद करून, वीज नसल्याची खात्री करून करावं. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. काळवंडलेलं टोक कापून नवीन सोलायचं, बहुतारी वायरच्या टोकावर फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवायची आणि एमसीबीवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या टॉर्कने आवळायचं. टोकाला शिसं लावू नये. दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि जोड पुन्हा सैल होतो. जळका वास आलेला एमसीबी बदलायचाच.

वेगळी लाइन महाग आणि भिंती फोडणारी, पण ३२ अँपिअर रोज हवे असतील तर तिला पर्याय नाही. ४० अँपिअरचा एमसीबी आणि उष्ण जागी १० चौरस मिमीची वायर घ्यावी; ६ चौरस मिमी थंड, मोकळ्या जागीच, आणि तीही काठावर. जुनी ४ चौरस मिमीची वायर तशीच ठेवून फक्त ४०चा एमसीबी बसवणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाईट उपाय. खटका पडायचा थांबतो, वायर तापायची थांबत नाही.

पण नवी लाइन ओढूनही मेन पडला तर? घराचा मेन ४० अँपिअरचा धरा. चार्जर ३२, गीझर ९, एसी ७: एकूण ४८, म्हणजे रेटिंगच्या १.२ पट. मानकाप्रमाणे १.१३ पटीला एमसीबी तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. १.२ पट या दोन्हींच्या मधली, म्हणून तो कधी पडतो, कधी नाही, आणि लोक त्याला ‘खराब एमसीबी’ म्हणतात. इथे स्क्रू आणि वायर दोन्ही निर्दोष असतात.

अशा घरात चार्जर १६ अँपिअरवर आणावा. बेरीज ३२ होते. ४० किलोवॉट-तासांची बॅटरी २० वरून ९० टक्क्यांवर न्यायला २८ युनिट लागतात, चार्जिंगमधली घट धरून ३१. १६ अँपिअरला ३.७ किलोवॉट मिळतात, म्हणजे साडेआठ तास. रात्री गाडी उभीच असेल तर एवढं पुरतं. दिवसातून दोनदा भरावी लागत असेल तर मेनवर करंट मोजणारा सीटी सेन्सर लावून चार्जर आपोआप कमी-जास्त होणारी जोडणी घ्या. फक्त तुमचा चार्जर ती सोय देतो का, हे आधी बघा.

क्रम मात्र एकच ठेवा: कुठलाही मार्ग निवडला तरी आधी इलेक्ट्रिशियनकडून टर्मिनल तपासून घ्या. सैल जोडावर १६ अँपिअर चालवले तरी उष्णता चौथाईवर येते, शून्यावर नाही.