नुसती सरासरी की शाळेकडे ओढलेली?

तुकड्यांचा क्रम कशावर लावायचा? रंकाळ्याजवळच्या एका शाळेचं उदाहरण घेऊ. सगळ्या शाळेची गणिताची सरासरी ६२. चार पोरांच्या तुकडीची ८२, अठ्ठेचाळीस जणांच्या तुकडीची ७०. नुसत्या सरासरीत चौघं पहिले. पण त्यातला एकजण तापात पेपरला बसला असता, तर हीच तुकडी मोठ्या तुकडीच्या मागे पडू शकली असती.

दुसऱ्या पद्धतीत तुकडीची सरासरी शाळेच्या सरासरीकडे ओढतात: दोन्हींतल्या फरकाला n/(n+k) एवढंच वजन. n म्हणजे तुकडीतली मुलं. k म्हणजे तुकडीतल्या मुलांच्या गुणांचं प्रचरण, म्हणजे विखुरलेपणाचं माप, भागिले तुकड्यांमधलं खरं प्रचरण. इथं १२ धरू. चौघांना पाव वजन: ६२+५=६७. मोठ्या तुकडीला ०.८: ६८.४. क्रम उलटला!

मला दुसरी पटते. मात्र चौघं निवडूनच घेतलेले असतील, तर ती त्यांच्यावर अन्याय करते.