लाल रेघा की हाताचा तक्ता? कराराचे दोन मसुदे ताडून बघताना

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. गिऱ्हाईक कास्टिंग पाठवतं, आम्ही ते टर्निंग-बोअरिंग करून परत देतो. करार नेहमी समोरून येतो आणि इंग्रजीत येतो. आपण दोन-चार दुरुस्त्या सुचवून पाठवतो, मग आठवड्याने 'दुसरा ड्राफ्ट' म्हणून नवी फाईल येते. सोबतच्या मेलमध्ये बहुतेकदा एकच ओळ असते, किरकोळ बदल केलेत, सही करून पाठवा. ते बदल खरंच किरकोळ आहेत का, हे शोधायचे दोन रस्ते मी वापरून बघितलेत. एक म्हणजे दोन फाईलींमधला फरक लाल रेघांनी दाखवणारं वर्डमधलं Compare, दुसरा म्हणजे वहीत हाताने केलेला हक्क-जबाबदाऱ्यांचा तक्ता. तुमच्यापुढे हाच प्रश्न असेल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

Compare ची बाजू आधी सांगतो, कारण माझा भाचा त्याच्याच बाजूचा आहे. तो टिळकवाडीत एका सीएकडे आर्टिकलशिप करतो. "मामा, दोन मिनिटांचं काम आहे, दोन संध्याकाळी कशाला घालवता?" हे त्याचं नेहमीचं. त्याचं खोटं नाही. Review मधून Compare उघडायचं, जुनी आणि नवी फाईल द्यायची, आणि More दाबून Formatting, White space, Case changes यांच्यापुढच्या खुणा काढून टाकायच्या. एवढं केलं की फॉन्ट, समास, मोकळ्या जागा यांचा निम्मा कचरा गळून जातो. खुणा न काढता मी पहिल्यांदा चालवलं तेव्हा चौदा पानांत 73 बदल दिसले होते, काढल्यावर 38 उरले. त्यातले 19 तर 'जॉब वर्कर' खोडून 'व्हेंडर' केल्याचे होते.

इथे एक सावधगिरी. समोरच्याने आपले बदल ट्रॅक करून रंगवून पाठवले असतील तर तेवढ्यावर थांबू नका. ट्रॅकिंग चालू असताना केलेले बदलच त्यात दिसतात. आपण शेवटी पाठवलेली आपल्याकडची फाईल आणि आत्ता आलेली फाईल यांचंच Compare स्वतः करायचं. आणि पीडीएफ आली तर नम्रपणे वर्ड फाईल मागायची. पीडीएफवरून बदलून घेतलेल्या फाईलमध्ये ओळी कुठेही तुटतात आणि प्रत्येक तुटलेली ओळ बदल म्हणून लाल होते.

तर मग अडलं कुठे?

त्या करारात जुन्या मसुद्याचं सातवं कलम असं होतं, की मालात खोट असेल तर गिऱ्हाइकाने 10 दिवसांत लेखी कळवावं, नंतरची तक्रार चालणार नाही. नव्या मसुद्यात ते पूर्ण गाळलं होतं. Compare ने ते लाल करून, मधोमध रेघ मारून दाखवलं. ते मला दिसलं आणि मी नोंदवलं. इथवर भाच्याचं बरोबर.

पण सातवं गेल्यावर पुढची सगळी कलमं एकेक पायरी वर सरकली. कलमांचे क्रमांक वर्ड आपोआप टाकतं. ते मजकूर म्हणून टाइप केलेले नसतात, म्हणून त्यांच्या सरकण्याला लाल रंग लागला नाही. आता जुनं अकरावं कलम बघा. आमची एकूण भरपाईची जबाबदारी एका महिन्याच्या बिलापेक्षा जास्त होणार नाही, 'कलम 12 खालील जबाबदारी वगळून', असं ते होतं. जुनं कलम 12 म्हणजे गोपनीयता. त्यांची ड्रॉइंग आम्ही बाहेर दिली तर मर्यादा नाही, हे मला मान्य होतं. नव्या मसुद्यात गोपनीयता अकरावी झाली आणि बाराव्या जागी आलं जुनं तेरावं, म्हणजे आमच्या हातून बिघडलेल्या कास्टिंगची भरपाई. मर्यादेच्या कलमातला '12' मात्र हाताने टाइप केलेला, तो जागचा हलला नाही. त्या वाक्यातलं एक अक्षरही बदललं नव्हतं, आणि तरी अर्थ उलटा झाला. ज्या गोष्टीसाठी मर्यादा हवी होती, नेमकी तीच मर्यादेबाहेर गेली.

हिशेब करून बघितला. एका नगाच्या मशिनिंगचे आम्हाला मिळतात 180 रुपये, कास्टिंगची किंमत 1,400. त्या गिऱ्हाइकाचं महिन्याचं बिल साधारण दीड लाख. सेटिंग चुकून 300 नगांचा एक लॉट बाद झाला तर कास्टिंगचेच 4 लाख 20 हजार होतात. जुन्या मसुद्याप्रमाणे मी दीड लाखावर सुटतो, नव्याप्रमाणे पूर्ण भरतो. आणि पडद्यावर ते पान पांढरं स्वच्छ, एकही लाल रेघ नाही. सगळीकडे लाल असतं तर निदान भीती तरी वाटली असती.

मुद्दाम केलं होतं का? मला तसं वाटत नाही. फोन केला तेव्हा त्यांच्या खरेदी विभागातला माणूसही चपापला, "होय की ओ, हे आमच्याही लक्षात आलं नाही," म्हणाला. पण सही झाली असती तर कागद कागदाचंच बोलला असता.

हे मला सापडलं ते तक्त्यामुळे. तक्ता म्हणजे फार काही नाही. वहीचं आडवं पान, त्यावर पाच रकाने: कुणी करायचं, काय करायचं, मुदत कधीपासून मोजायची, चुकलं तर काय, आणि कलम क्रमांक. मसुदा ओळीने वाचत जायचं आणि जिथे 'शॅल' किंवा 'मे' आलं तिथे एक ओळ भरायची. 'शॅल' असेल तर 'केलंच पाहिजे', 'मे' असेल तर 'वाटलं तर करील', असं मराठीत लिहायचं. खरी मेख दोन नियमांत आहे. 'कलम 12' असं दिसलं की आकडा उतरवायचा नाही, ते कलम उघडून त्यात काय आहे ते शब्दांत लिहायचं. आणि व्याख्या दिलेला शब्द आला की तो शब्द न लिहिता त्याची व्याख्या लिहायची. नव्या मसुद्याचा तक्ता जुना झाकून ठेवून नव्याने करायचा, मग दोन पानं शेजारी ठेवायची. माझ्या जुन्या तक्त्यात 31 ओळी झाल्या, नव्यात 29. मर्यादेच्या ओळीत एकीकडे 'ड्रॉइंग बाहेर दिल्याची भरपाई सोडून' आणि दुसरीकडे 'कास्टिंग बिघडवल्याची भरपाई सोडून' असं माझ्याच अक्षरात आलं, तेव्हा हातातला चहा तसाच राहिला.

व्याख्येचंही तसंच. 'स्वीकृती' म्हणजे त्यांच्या स्टोअरची पावती, असं आधी होतं. नंतर झालं, माल ड्रॉइंगप्रमाणे आहे असं त्यांनी लेखी कळवणं. Compare ने पहिल्या पानावर ही एक ओळ लाल केली, आणि दिसायलाही ती साधीच होती. पण पैसे स्वीकृतीपासून 45 दिवसांत मिळणार होते, मालाची जोखीम स्वीकृतीपर्यंत आमच्याकडे होती आणि उशिराचा दंडही स्वीकृतीपर्यंत मोजला जाणार होता. ही तिन्ही कलमं जशीच्या तशी होती. लाल ओळ एक, पण तक्त्यात तीन ओळी बदलल्या. त्यांच्या क्वालिटीवाल्याने वीस दिवस कागदच दिला नाही तर पैसे, जोखीम आणि दंड तिन्ही वीस दिवस लांबतात, आणि तिन्ही वेळा तोटा आमचाच.

यावर कोणी म्हणेल की कायदा आहे की. आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला एमएसएमईडी कायदा, 2006 प्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असंच धरतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पण चालू गिऱ्हाइकाशी कायद्याने भांडणं आणि करार आधीच नीट करून घेणं यात काय सोपं, ते उद्यमबागेत कुणालाही विचारा. शिवाय दंड आणि जोखीम यांना हा कायदा आधार देत नाही.

तक्त्याची बाजू घेतोय खरं, पण त्याने मला एकदा फसवलंही आहे. करार मोडायची नोटीस '30 कामाचे दिवस' होती, नव्यात नुसते '30 दिवस' झाले. मी दोन्ही तक्त्यांत '30 दिवस' लिहून मोकळा झालो होतो, कारण दुसरी संध्याकाळ होती आणि डोळे जे अपेक्षित होतं तेच वाचत होते. ते Compare ने पकडलं. भाच्याने त्याचं उट्टं अजून काढून संपवलेलं नाही.

म्हणून मी आता आधी तक्ता करतो, मग Compare चालवतो, आणि प्रत्येक लाल खुणेसाठी तक्त्यात ओळ आहे का ते बघतो. क्रम उलटा केला तर लाल रेघा डोळ्यांत बसतात आणि पांढऱ्या जागा वाचल्याच जात नाहीत, असं मला तरी वाटतं. करार दोन-तीन पानांचा असेल, मसुदा आपणच लिहिलेला असेल किंवा चौथ्या फेरीत एखादाच शब्द फिरत असेल तर नुसतं Compare पुरतं, उगीच वही काढू नये. पण मसुदा समोरच्याचा असेल, आणि त्यात एखादं कलम गाळलेलं किंवा व्याख्या बदललेली दिसली, तर मी तरी दोन संध्याकाळी द्यायला तयार आहे.

तक्त्याचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. माझा थोरला भाऊ भागीदार आहे. तो कन्नड आणि मराठी सफाईने वाचतो, पण वकिली इंग्रजी त्याला नको होतं. लाल रेघांची चौदा पानं त्याच्यापुढे ठेवली की "तू बघितलंस न्हवं, मग झालं," म्हणायचा. मराठीतला तक्ता त्याने बोट ठेवून वाचला आणि विचारलं, "जोखीम आपल्याकडं, तर मग विमा कुणाच्या नावावर?" दोन्ही मसुद्यांत विम्याचं कलमच नव्हतं. ते कुठल्याही Compare मध्ये दिसलं नसतं, आणि खरं सांगायचं तर तक्ता करूनही मला दिसलं नव्हतं.

तिसऱ्या मसुद्यात मर्यादेच्या कलमात आकडा गेला आणि 'गोपनीयतेची जबाबदारी वगळून' असे शब्द आले. सातवं कलम परत आलं, 10 ऐवजी 15 दिवसांचं. विमा त्यांनी घ्यायचा ठरला. स्वीकृतीची व्याख्या बदलायला मात्र ते तयार झाले नाहीत. 15 दिवसांत कळवलं नाही तर माल स्वीकारला असं धरावं, एवढी एक ओळ तिथे मिळाली. तेवढ्यावर सही केली.