सीए फायनल पास झालेल्या क्रशला शुभेच्छा: मेसेज, व्हॉइस नोट की थेट फोन?

निकालाच्या दिवशी तिचा फोन नुसता वाजत असतो. घरचे, आर्टिकलशिपमधले सिनियर, क्लासचे ग्रुप, सगळे एकाच वेळी. त्यामुळे फोन हा पर्याय त्या दिवशी सगळ्यात कच्चा. उचलला तरी मागे पेढे वाटणं चालू असतं आणि दोन मिनिटांत 'नंतर बोलते' ऐकू येतं. रोज बोलणं असेल तरच करा, आणि तोही फक्त अभिनंदनापुरता.

व्हॉइस नोटमध्ये आवाजातला आनंद पोचतो, हा तिचा मोठा फायदा. पण ती आईसमोर स्पीकरवर लागू शकते. म्हणून वीस सेकंदांच्या आत आटपा आणि चावटपणा त्यात नकोच.

फ्लर्टिंगसाठी मेसेजच सरस. ती रात्री निवांत वाचेल, पुन्हा वाचेल. मात्र तो खासगी चॅटमध्ये हवा. ग्रुपवर चार शब्दांचं साधं अभिनंदन पुरे. आता हे दोन मेसेज बघा.

'अभिनंदन सीए मॅडम! आता माझं रिटर्न फुकटात भरायचं हं! पार्टी कधी?'

'अभिनंदन! ऑडिटच्या पेपरनंतर "गेलं सगळं" म्हणाली होतीस. तेव्हाच पैज लावायला हवी होती, आज कॉफी हक्काची झाली असती. असू दे, मीच पाजतो. शनिवारी संध्याकाळी जमेल?'

पहिला वाईट नाही, पण रिटर्नचा विनोद त्या दिवशी तिला प्रत्येक काका-मामाने ऐकवलेला असतो, आणि पार्टी मागणं म्हणजे तिच्याच डोक्यावर खर्च. दुसऱ्यात तिचं एक वाक्य लक्षात ठेवलेलं दिसतं. फ्लर्टिंगचं सगळं वजन त्या लक्षात ठेवण्यात आहे. दिवस ठरवून विचारल्याने तिला हो किंवा नाही म्हणणंही सोपं जातं. तिच्या दिसण्यावर मात्र आज काही नको, आजचं कौतुक अभ्यासाचं आहे.

पाठवण्याआधी एक खात्री करा. फायनलच्या पेपरांचे दोन ग्रुप असतात. प्रत्येक पेपरला किमान 40 टक्के आणि ग्रुपची सरासरी 50 टक्के लागते. त्यामुळे एक ग्रुप निघून दुसरा राहणं नेहमीचंच. तिने स्वतः सांगितल्याशिवाय किंवा स्टेटस टाकल्याशिवाय 'सीए मॅडम' म्हणू नका. राहिलेल्या ग्रुपवर ते मीठ चोळल्यासारखं होतं. मार्क तर विचारूच नका.

उत्तरात नुसतं 'थँक यू' आणि हात जोडलेला इमोजी आला, तर शनिवारचा विषय पुन्हा काढू नका. 'पैज कशावर लावली असतीस?' असं उलट विचारलं, तर गाडी पुढे न्यायला हरकत नाही.

सीएच्या निकालाऐवजी निमित्त ऑफिसातल्या प्रमोशनचं असेल आणि तुमच्या दोघांत एक दुसऱ्याच्या हाताखाली काम करत असेल, तर यातलं काहीच नको. साधं अभिनंदन करून थांबा.