काजू २४० की ३२०: नोंद वाचताना

काजूच्या विक्रीच्या नोंदीतील डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० हे आकडे एका पौंडात जास्तीत जास्त किती अखंड, पांढरे गर बसतात ते सांगतात. किलोमागे पहिल्यात साधारण ४८५ ते ५३०, तर दुसऱ्यात ६६० ते ७०६ गर येतात. हा फरक केवळ आकाराचा आहे, चवीचा नव्हे, त्यामुळे वाटून किंवा भरडून वापरायचे असल्यास २४० साठी जादा पैसे मोजणे मला व्यर्थ वाटते.

नोंदीतील आकड्याच्या दाव्याची खातरजमा घरच्या घरी होते: ३२० म्हणून आलेल्या पाव किलोच्या पुडीत १६५ ते १७७ गर भरायला हवेत आणि २०० भरले, तर किलोला ८०० होऊन तो माल ४०० प्रतीचा ठरतो.

ओलावा मात्र दोन्हींत पाच टक्क्यांच्या आतच हवा. गर मोडताना कट्‌कन न तुटता वाकला, तर दमट मालाच्या वजनात आपण पाण्याचेही पैसे दिलेले असतात. मोठ्या डब्यातून पुन्हा भरलेल्या पुडीवरील तारीख बहुधा भरण्याची असते, तिच्यावरून मालाचे खरे वय कळत नाही, म्हणून ताज्या, हवाबंद ३२० पुढे जुना २४० मी नाकारेन.